वय वाढते म्हणून हप्ता उतरतो?

मोटार विम्याच्या हप्त्याविषयी एक मत इतके रुळले आहे की त्याला कोणी हात लावत नाही. तरुण माणूस गाडी बेफाम हाकतो, वय वाढते तसा तो शहाणा होतो, आणि त्या शहाणपणाची कदर म्हणून विमा कंपनी हप्ता उतरवते, असे ते मत. ‘पंचविशी ओलांडली आणि हप्ता धाडकन खाली आला’ हा अनुभव त्याला पुरावा म्हणून जोडला जातो. ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुले तो हमखास सांगतात. अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

पूर्वपक्षात जे खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. ब्रिटनमध्ये 17व्या वर्षी मोटार चालवता येते आणि त्या वयाची मुले जास्त अपघात करतात, यात वाद नाही. रात्रीच्या वेळी, गाडीत तीन-चार मित्र बसलेले असताना, वेगात होणारे अपघात याच वयात जास्त. तिथल्या कायद्याने थर्ड पार्टीच्या शारीरिक इजेच्या भरपाईला कमाल मर्यादा नाही, आणि जखमी झालेला सोबतचा मित्रही थर्ड पार्टीच ठरतो. विशीतल्या एखाद्या जखमी मुलाला जन्मभर शुश्रूषा लागणार असेल, तर एकच दावा कंपनीला लाखो पौंडांना पडतो. तेव्हा तरुणांचा हप्ता जास्त असतो तो दावे अधिक येतात म्हणून, आणि त्यांतले काही फार मोठे असतात म्हणूनही.

आता प्रश्न असा, की पुढे हा धोका उतरतो तो वयाने की सवयीने? सतराव्या वर्षी लायसन्स काढलेला मुलगा पंचवीस वर्षांचा होतो तेव्हा त्याच्या गाठीला आठ वर्षांचे ड्रायव्हिंगही असते. दोन्ही गोष्टी बरोबरच वाढतात, म्हणून श्रेय वयाला मिळते. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात नवशिक्या चालकांच्या अपघातांची महिन्यावार नोंद अभ्यासली गेली. लायसन्स मिळाल्यावर पहिल्या सहा-सात महिन्यांतच अपघातांचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी खाली आले होते. सहा महिन्यांत कोणी एवढा प्रौढ होत नाही. त्या अवधीत रस्ता वाचायची नजर तयार होते: समोरचा कधी ब्रेक लावेल, गल्लीतून कोण निघेल, ओल्या रस्त्यावर अंतर किती ठेवायचे. वयाचाही स्वतंत्र परिणाम आहे, पण सुरुवातीच्या काळात मोठा वाटा सरावाचा असतो. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1988 साली संमत केलेल्या 103 क्रमांकाच्या प्रस्तावाने हाच विचार कायद्यात आणला. तिथे हप्ता ठरवताना चालकाची आजवरची नोंद, वर्षाला गाडी किती मैल चालते आणि ड्रायव्हिंगचा अनुभव किती वर्षांचा, या तीन गोष्टींना पहिले स्थान आहे.

याची प्रचिती लंडनला गेलेल्या मराठी माणसाला लगेच येते. पुण्यात बारा वर्षे गाडी चालवलेला पस्तिशीचा इंजिनिअर तिथे स्थायिक झाला, तर भारतीय लायसन्सवर त्याला 12 महिने गाडी चालवता येते. पुढे तिथली परीक्षा द्यावी लागते, कारण भारताचे लायसन्स बदलून मिळत नाही. परीक्षा पास झाला की विम्याच्या अर्जात ‘ब्रिटिश लायसन्स किती वर्षांचे?’ या रकान्यात शून्य पडते. मग त्याच्याच वयाच्या, पण तिथेच गाडी शिकलेल्या शेजाऱ्यापेक्षा त्याला बराच जास्त हप्ता सांगितला जातो. वय दोघांचे एकच.

मग पंचविसाव्या वाढदिवसाला हप्ता कोसळतो कशामुळे? याचे उत्तर वयोगट कसे आखतात त्यात आहे. विमागणितज्ञाला प्रत्येक गटाचा सरासरी धोका काढायचा असतो, आणि त्यासाठी पुरेसे दावे हाताशी लागतात. या शास्त्रातला एक जुना दंडक असा की आकडा 90 टक्के खात्रीने पाच टक्क्यांच्या आत बरोबर हवा असेल, तर 1,082 दावे लागतात. वर्षाला शंभर गाड्यांमागे दहा दावे येत असतील तर एवढ्या दाव्यांसाठी जवळजवळ 11,000 गाड्यांची वर्षभराची नोंद हवी. फक्त 22 वर्षे वयाचे एवढे ग्राहक मध्यम आकाराच्या कंपनीकडे कुठून येणार? म्हणून शेजारची वयेही त्यात मिसळून गट केला जातो. जिथे धोका भराभर बदलतो तिथे गट अरुंद ठेवतात. तिशी ते पन्नाशी तो जवळपास सपाट असतो, तिथे रुंद गटही चालतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 21, 22, 23 आणि 24 या वयांत शंभर गाड्यांमागे अनुक्रमे 15, 13, 11 आणि 9 दावे येतात. प्रत्येक वयाचे ग्राहक सारखेच असतील तर गटाची सरासरी 12. पुढच्या 25 ते 29 या गटात दावे आठपासून सहापर्यंत उतरतात, सरासरी 7. दाव्याचा खर्च सारखाच धरला, तर चोवीस वर्षांच्या तरुणाचा धोका 9 असून तो 12चा हप्ता भरतो आणि वाढदिवसानंतर एकदम 7चा. म्हणजे हप्ता सुमारे 42 टक्क्यांनी उतरला, पण त्याचा स्वतःचा धोका 9वरून 8वरच आला. धोका उतरणीसारखा हळूहळू खाली येत होता. पायरी कंपनीने घातली. त्या पायरीला पंचविशीतली प्रौढता म्हणणे म्हणजे हिशेबाच्या सोयीला माणसाचा स्वभाव समजणे होय.

ही पायरी टिकतही नाही. दुसऱ्या कंपनीने प्रत्येक वयाचा स्वतंत्र दर लावला, तर ती चोवीस वर्षांच्या ग्राहकाला 9चा हप्ता देईल आणि तो तिकडे जाईल. पहिल्या कंपनीकडे मग एकवीस-बावीसची मुलेच उरतील, 12चा हप्ता अपुरा पडेल आणि तिला गट मोडावा लागेल. आज मोठ्या कंपन्या वय, अनुभव, गाडी, पत्ता हे सारे एकत्र मांडून सलग वक्र काढतात, त्यामागे हीच स्पर्धा आहे.

शहाणपणाचे मत खरे असते तर हप्ता म्हातारपणी सर्वात कमी असता. प्रत्यक्षात तो सत्तरीच्या आसपास पुन्हा चढू लागतो.

आपल्याकडे तर हे मत मुळातच लागू पडत नाही. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते. 1 जून 2022च्या दरपत्रकात 1,000 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला 2,094 रुपये आहेत, मालक एकोणीस वर्षांचा असो वा साठ. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता वर्षागणिक उतरतो तो मुख्यतः गाडीची किंमत घटते आणि नो क्लेम बोनस 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत चढतो म्हणून.

परदेशात मुले असलेल्या पालकांना एक कळकळीची विनंती. ‘वय जास्त तर हप्ता कमी’ हे सूत्र धरून मुलाची गाडी बापाच्या नावे दाखवू नका. ब्रिटनमध्ये मुख्य चालक खोटा सांगणे ही फसवणूक आहे. कंपनी पॉलिसी रद्द करू शकते आणि थर्ड पार्टीला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करू शकते. विम्याविना गाडी चालवल्याचा ठपका आला तर किमान 6 दंडगुण लागतात, आणि लायसन्स मिळून दोन वर्षे झालेली नसतील तर तेवढ्यावर ते रद्द होऊन परीक्षा पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते.