ऑफिसचं भाडं हिशेबात ‘कर्ज’ का दिसतं?

समजा, एका कंपनीने ३ वर्षांसाठी ऑफिस भाड्याने घेतलं. भाडं दरमहा १ लाख रुपये, महिन्याच्या शेवटी द्यायचं. तरीही तिच्या ईआरपीमध्ये ‘भाडे खर्च’ दिसत नाही. कारण इंड एएस ११६ हे मानक लागू असलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून १२ महिन्यांहून मोठे बहुतेक भाडेकरार ताळेबंदात दाखवावे लागतात.

वार्षिक १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का व्याजदर धरला, तर ३६ हप्त्यांचं आजचं मूल्य ३०,१०,७५१ रुपये होतं. ईआरपी ही रक्कम एकीकडे देणं आणि दुसरीकडे ‘वापर हक्काची मालमत्ता’ म्हणून नोंदवते.

पहिल्या महिन्याचं व्याज ३०,१०८ रुपये. १ लाखातले उरलेले ६९,८९२ देण्यातून वजा होतात आणि २९,४०,८५९ शिल्लक राहतात. पुढच्या महिन्याचं व्याज या शिलकीवर, म्हणून थोडं कमी. मालमत्तेवर मात्र दरमहा सारखाच ८३,६३२ रुपये घसारा लागतो. त्यामुळे सुरुवातीला एकूण खर्च भाड्यापेक्षा जास्त दिसतो, शेवटी कमी.

गाडीचा हिशेबही असाच. फक्त भाड्यात देखभाल धरली असेल, तर ती सहसा वेगळी काढतात.

नेहमीची चूक म्हणजे घरमालकाचं बिल जुन्या सवयीने ‘भाडे खर्च’ खात्यात टाकणं. मग खर्च दोनदा लागतो आणि देणं कमी होण्याऐवजी व्याजाने वाढत जातं. महिनाअखेरीस खातेवहीतली शिल्लक वेळापत्रकाशी ताडून पाहिली, की ही चूक लगेच सापडते.