अठरा मिलिलिटर पाणी

एनामीन हा शब्द पहिल्यांदा वाचनात आला तेव्हा कोठल्या तरी संस्थानच्या दप्तरातील इनामाचा आणि अमीनाचा हा काही मामला असावा, असा भास मला झाला होता. व्युत्पत्ती अर्थात निराळी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग विटिग आणि त्यांचे सहकारी ब्लूमेंथाल यांनी 1927 साली हे नाव चालविले, आणि ते ‘ईनॉल’ या जुन्या नावाच्या साच्यावर बेतले. द्विबंधाचा ‘ईन’ आणि अल्कोहोलाचा ‘ऑल’ मिळून ईनॉल झाला. ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन बसविला की एनामीन. मला मात्र वाटते की या नामकरणात एक वंशावळ मुकाट्याने नोंदविली गेली आहे, कारण ईनॉलाचा जो व्यवसाय, म्हणजे कार्बोनिलाच्या शेजारच्या कार्बनावर नवी शाखा लावून घेणे, तोच एनामीनने पुढे अधिक सौम्य रीतीने केला.

हा व्यवसाय सौम्य का असावा लागतो, हे सायक्लोहेक्झॅनोन या साध्या कीटोनावरून कळते. जुनी वहिवाट अशी की सोडियम अमाइड किंवा अल्कॉक्साइड यांसारखा जहाल आम्लारि घेऊन कार्बोनिलाशेजारचा एक हायड्रोजन उपटावा, ईनोलेट आयन करावा आणि त्यावर अल्किल हॅलाइड सोडावा. परंतु एक शाखा लागलेला रेणू आणि अजून न लागलेला ईनोलेट यांच्यात प्रोटॉनची देवघेव चालूच राहते. त्यामुळे जो एकदा शाखायुक्त झाला तोच पुनः रांगेत उभा राहतो आणि दुसरी, तिसरी शाखा घेऊन येतो. ब्रूसन यांनी 1942 साली आम्लारीच्या साक्षीने या कीटोनाची अॅक्रिलोनायट्राइलशी गाठ घातली तेव्हा कार्बोनिलाच्या दोन्ही शेजाऱ्यांवर दोन दोन अशा चार शाखा लागल्या. ज्यांना एकच हवी होती त्यांच्यासाठी ही उदारता निरुपयोगीच म्हणायची.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गिल्बर्ट स्टॉर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 साली जो तोडगा मांडला, आणि 1963 साली सविस्तर प्रसिद्ध केला, तो आज पाठ्यपुस्तकांत एका ओळीत येतो. पण त्याची कृती जवळून पाहण्याजोगी आहे. 98 ग्रॅम सायक्लोहेक्झॅनोन, त्याच्याशी समप्रमाणाहून किंचित अधिक, म्हणजे 75 ते 80 ग्रॅम, पायरोलिडीन, आणि आम्लाचा केवळ लेश बेंझिनात घेऊन मिश्रण उकळू द्यावे. बाष्प वर जाऊन थंड होते तेव्हा बाजूच्या अंशांकित नळीत उतरते. जड पाणी तळाशी बसते, हलके बेंझिन वरून पुनः फ्लास्कात ओघळते. पाण्याचा थर वाढत वाढत अठरा मिलिलिटरांच्या आसपास थांबला की एनामीन झाले, असे समजावे. एका मोल कीटोनाने एक मोल पाणी सोडले, एवढाच त्याचा हिशेब. थर त्याआधीच अडकला तर बहुधा आम्ल कमी पडले आहे किंवा अमीन उडून गेले आहे. पुढे त्या एनामीनला अॅक्रिलोनायट्राइलच्या एका समभागाबरोबर तापवावे आणि शेवटी पाणी घालून पुनः तापवावे. अमीन मोकळे होते आणि एकाच शाखेचा कीटोन हाती येतो. अमीनचा हा व्यवहार इनामाचा नव्हे, गहाणाचा आहे. काम संपताच तारण परत.

एकच शाखा का, याचे उत्तर जागेच्या टंचाईत आहे. नायट्रोजन आणि द्विबंध यांना एका प्रतलात राहायचे असते. शाखा लागलेल्या कार्बनाकडे द्विबंध वळला तर ती शाखा पायरोलिडीनच्या वलयाशी घासते, म्हणून द्विबंध मोकळ्या बाजूस जातो, आणि भरलेल्या कार्बनावर दुसरा घाला होत नाही.

आता वंशावळीचा वाद. पुष्कळ लेखक स्टॉर्कपासूनच आरंभ करतात; कोणी मानिख आणि डेव्हिडसेन यांच्या 1936 च्या निबंधापर्यंत मागे जातात. मी 1884 पर्यंत जातो. त्या वर्षी नॉर्मन कॉली, जे पुढे 1895 साली गिर्यारोहक ममरी यांच्याबरोबर नंगा पर्बतावर गेले, अॅसिटोअॅसेटिक एस्टर आणि अमोनिया यांच्या संयोगाचा अभ्यास करीत होते; त्यातून मिळणारे द्रव्य म्हणजे एस्टरयुक्त एनामीनच. अशा द्रव्यावर अल्किल आयोडाइड नायट्रोजनाऐवजी कार्बनावर बसतो, हे रॉबर्ट रॉबिन्सन यांनी 1916 साली ओळखले आणि नायट्रोजनाचे बळ द्विबंधातून दूरच्या कार्बनापर्यंत पोहोचते, असे त्याचे कारण मांडले. कल्पना तेथेच पुरी झाली होती. मग साध्या कीटोनांपर्यंत यायला 38 वर्षे का लागली?

काहींच्या मते इलेक्ट्रॉनांचे शास्त्र पक्व व्हायचे होते. हा दावा मला पटत नाही, कारण रॉबिन्सनपाशी ते पुरेसे होते. स्टेरॉइडांच्या औषधी मागणीने हे घडविले, हा दुसरा पक्ष अधिक जोरदार. पण माझा संशय त्या अंशांकित नळीवर आहे. ती डीन आणि स्टार्क यांनी 1920 साली प्रसिद्ध केली, आणि तिचा हेतू काय? खनिज तेलात पाणी किती आहे, हे मोजणे! अमेरिकेच्या खाण खात्यातील तेलाची ती मापपट्टी. मानिख यांना कीटोनांसाठी कळीचा चुना वापरावा लागला आणि उत्पन्न अल्प आले, कारण एनामीन होणे ही उलटसुलट चालणारी क्रिया आहे आणि सुटलेले पाणी तिला मागे लोटते. अपजॉन कंपनीच्या हर आणि हेल यांनी 1952 च्या सुमारास स्टेरॉइड कीटोनांवर बेंझिनसह पाणी उकळून काढण्याची रीत वापरली. दोनच वर्षांत स्टॉर्क यांचा निबंध आला. मागणीने माणसे आणली असतील, वाट मात्र नळीने उघडली, असे मी ठामपणे म्हणतो.

या सौम्यतेलाही हद्द आहे. मेथिल आयोडाइड, अॅलिल ब्रोमाइड, बेंझिल क्लोराइड यांच्याशी एनामीन नीट वागते; ब्यूटिलसारखा साधा हॅलाइड दिला तर तो नायट्रोजनालाच चिकटतो, आणि तो बंध तुटत नाही, म्हणून उत्पन्न घसरते. अॅक्रिलोनायट्राइल चुकून नायट्रोजनावर गेलाच तर परत फिरू शकतो, म्हणून तेथे यश अधिक. पुढे उणे 78 अंशांवर लिथियम डायआयसोप्रोपिल अमाइड वापरून ईनोलेट पूर्ण आणि एकदाच करता येऊ लागले, आणि साध्या हॅलाइडांचे काम बहुतांशी तिकडे गेले. स्टॉर्क यांनी स्वतःच 1963 साली मॅग्नेशियमयुक्त एनामीन पुढे केले, ते याच उणिवेवर.

माझ्या नळीच्या सिद्धांतावर एक मार्मिक हरकत आहे, ती लपवीत नाही. आपल्या स्नायूंतील अल्डोलेज हा विकर साखरेचे तुकडे जोडताना आणि तोडताना लायसिनच्या अमीनातून एनामीनच करतो, आणि तेही पाण्यात बुडून. 2000 साली लिस्ट, लर्नर आणि बार्बास यांनी प्रोलीन या साध्या अमिनो आम्लाकडूनही तेच काम करून घेतले, पाणी बाहेर न काढता. यावर माझे म्हणणे इतकेच की तेथे एनामीन साठवून ठेवायचे नसते. क्षणभर, अगदी थोड्या प्रमाणात झाले की पुढची क्रिया त्याला उचलते आणि सुटलेले अमीन पुनः कामाला लागते. फ्लास्कात मात्र ते पूर्ण व्हावे आणि मगच पुढचा अभिकर्मक घालावा, म्हणून ते पाणी नळीत अडवून धरायचे. आणि शेवटी अमीन सोडविण्यासाठी तेवढेच, किंबहुना अधिक, पाणी पुनः फ्लास्कात ओतायचे.