मोटारीचे स्वतःचे सिम

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९६ साली ‘ऑनस्टार’ सेवा सुरू केली, तेव्हा मोटारीतच फोन-यंत्र बसवलेले होते. भारतात २०१९ मध्ये ह्युंदाईची व्हेन्यू आणि एमजीची हेक्टर ही वाहने आतच बसवलेले सिम घेऊन आली.

समजा, मोटार अकोल्याला उभी आहे आणि मालक अमरावतीला घरी. कुलूप लावायचे राहिले. ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर, त्यामुळे फोन मोटारीशी थेट बोलू शकत नाही. फोनचा संदेश त्याच्या डेटातून कंपनीच्या संगणकाकडे जातो, तिथून मोटारीच्या सिमवर. म्हणजे डेटा दोघांचाही खर्च होतो. मोटारीच्या सिमची वर्गणी पहिली काही वर्षे बहुधा गाडीच्या किमतीतच धरलेली असते. ती संपली की दुरून कुलूप लागत नाही. ब्लूटूथवर जोडलेल्या फोनचे बोलणे मात्र चालूच राहते. बिघाड कुठे आहे, हे यावरून ओळखावे. प्रवाशांना हॉटस्पॉट देणाऱ्या गाडीत एक तास व्हिडिओ पाहिला, तर एक जीबीच्या आसपास डेटा जातो. कुलपाच्या निरोपाला काही केबी पुरतात.

२००८ च्या आरंभी अमेरिकेतील जुने अ‍ॅनालॉग जाळे बंद झाले. त्यावर चालणारी ऑनस्टार यंत्रे मुकी झाली. मोटारी मात्र धावतच होत्या. मोटारीचे आयुष्य जाळ्याच्या आयुष्याहून मोठे असू शकते, हे तेव्हा कळले.