फोटोतले सूत्र टाइप करताना: साध्या लंबकाचे उदाहरण

भौतिकशास्त्राच्या पानावर साध्या लंबकाच्या दोलनकालाचे सूत्र अपूर्णांकात छापलेले असते: वर l, खाली g आणि दोघांना कवेत घेणारे वर्गमुळाचे चिन्ह. फोटोत या चिन्हाचे खालचे टोक पुसट आले, की वर्गमूळ फक्त l चेच आहे असे वाटते. म्हणून टाइप करताना कंस हवाच:

```
T = 2 * pi * sqrt(L / g)
```

छापील लहान l हा 1 सारखा दिसतो, म्हणून इथे मोठा L घेतला आहे.

T म्हणजे एका पूर्ण दोलनाला लागणारा वेळ, सेकंदात. L ही लंबकाची लांबी, मीटरमध्ये. ती टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजतात, नुसत्या दोऱ्याची नव्हे. g म्हणजे गुरुत्वीय त्वरण, पृथ्वीवर सुमारे 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग. pi म्हणजे सुमारे 3.14.

सूत्र बरोबर उतरले का, हे आकडे घालून कळते. L = 0.25 मीटर घेतल्यास T सुमारे 1 सेकंद येतो. g वर्गमुळाबाहेर गेला असेल तर 0.32 येईल, आणि l ऐवजी 1 वाचला गेला असेल तर 2. पडताळणीसाठी 1 मीटर लांबी मात्र घेऊ नये, कारण तेव्हा ही दुसरी चूक दिसतच नाही.

सूत्राशेजारची ओळही फोटोत घ्यावी. लंबक थोड्याच अंशांनी झुलत असेल तरच हे सूत्र चालते, आणि ती अट बहुधा तिथेच लिहिलेली असते.