पदावाचून अधिकार : रोमच्या सम्राटसत्तेची कुळकथा

रोमचे गणराज्य नेमके कोणत्या वर्षी संपले, हा प्रश्न परीक्षेत वारंवार विचारला जातो आणि विद्यार्थी त्याचे उत्तर बहुधा इ.स.पू. 49, 44, 31 किंवा 27 यांपैकी एक सन लिहून देतात. यांपैकी प्रत्येक वर्षी काही मोठे घडले हे खरे. पण गणराज्य रद्द झाल्याची घोषणा यांपैकी एकाही वर्षी झाली नाही, आणि इतर कोणत्याही वर्षीही झाली नाही. निवडून येणारे अधिकारी, सिनेट आणि लोकसभा ही तिन्ही अंगे सम्राटांच्या काळातही नावाने कायम होती. बदलले ते एवढेच, की पूर्वी जो अधिकार विशिष्ट पदाला, त्या पदाच्या मुदतीला आणि बरोबरीच्या सहकाऱ्याला जखडलेला असे, तो त्या पदापासून सोडवून एका व्यक्तीच्या हाती देण्याची रीत तीनशे वर्षांत हळूहळू रुळली. सम्राटसत्तेचे कूळ शोधायचे असेल, तर ते लढायांच्या यादीपेक्षा या रीतीत शोधावे लागते.

परंपरेनुसार इ.स.पू. 509 मध्ये शेवटचा राजा हाकलला गेल्यावर रोमने राजाची सत्ता मोडीत काढली नाही, तर तिची वाटणी केली. सैन्याला आज्ञा देण्याचा आणि नागरिकांवर हुकमत चालवण्याचा जो सर्वोच्च अधिकार, ज्याला रोमन लोक इम्पेरियम म्हणत, तो दरवर्षी निवडून येणाऱ्या दोन कॉन्सलांकडे गेला. दोघांचा अधिकार समान असल्यामुळे एकाचा निर्णय दुसरा रोखू शकत असे आणि वर्ष सरले की दोघेही सामान्य नागरिक होत. सामान्य लोकांनी, म्हणजे प्लेबियनांनी, उच्चकुलीन पॅट्रिशियनांशी झगडून ट्रिब्यून हे स्वतःचे पद मिळवले. पुढे दहा झालेले हे ट्रिब्यून कोणत्याही अधिकाऱ्याचे कृत्य नकाराधिकाराने थांबवू शकत, लोकसभेपुढे कायदा मांडू शकत आणि त्यांच्या अंगाला हात लावणे हा धर्मद्रोह मानला जाई. संकटकाळात डिक्टेटर नेमण्याची सोय होती. त्याच्या हाती जवळजवळ सर्व सत्ता येत असली, तरी तीही सहा महिन्यांपुरतीच. रोमन राज्यव्यवस्थेची सारी भिस्त लेखी संविधानावर नसून मुदत आणि सहकारी या दोन कुलपांवर होती, हे ध्यानात ठेवले तर पुढचा प्रवास स्पष्ट होतो.

पहिले कुलूप इ.स.पू. 326 मध्ये सैल झाले, आणि तेही अगदी वाजवी कारणाने. इ.स.पू. 327 चा कॉन्सल क्विंटस पब्लिलियस फिलो नेआपोलिस, म्हणजे आजच्या नेपल्सच्या परिसरात वेढा घालून बसला असता त्याचे वर्ष संपत आले. वेढा अर्ध्यावर असताना सेनापती बदलणे धोक्याचे होते. म्हणून त्याने कॉन्सलपद सोडावे, परंतु युद्ध संपेपर्यंत कॉन्सलाच्या ठिकाणी राहून सैन्याची आज्ञा चालवावी, असा ठराव लोकांपुढे मांडून मंजूर करून घेण्यात आला. अशा अधिकाऱ्याला पुढे प्रोकॉन्सल म्हणजे कॉन्सलाच्या जागी काम करणारा, असे नाव रूढ झाले. पद एकाकडे आणि त्याच पदाचा अधिकार दुसऱ्याकडे, ही कल्पना या प्रसंगी प्रथम व्यवहारात आली. फिलोने तिचा कोणताही गैरवापर केला नाही. त्याने शहर घेतले, विजययात्रा काढली आणि तो घरी गेला. तरीही मुदत ही तारखेऐवजी कामाला बांधली गेली होती आणि काम केव्हा संपले हे ठरवणे तारखेइतके सोपे नसते.

इटलीबाहेर सिसिली, स्पेन, आफ्रिका, आशिया असे प्रांत हाती येत गेले तसा हा अपवाद नित्याचा झाला, कारण वर्षागणिक निवडल्या जाणाऱ्या मोजक्या अधिकाऱ्यांत इतका मुलूख सांभाळणे शक्यच नव्हते. त्यात सैन्याचे स्वरूपही पालटले. इ.स.पू. 107 मध्ये मारियसने मालमत्ता नसलेल्या नागरिकांना उघडपणे सैन्यात घेतले. अशा शिपायाला लढाई संपल्यावर परतण्यासाठी शेत नसे, त्यामुळे जमीन मिळण्याची त्याची आशा राज्यापेक्षा सेनापतीवर अधिक टिकून असे. सिनेटने शिपायांच्या निवृत्तीची स्थायी तजवीज वेळीच केली नाही, ही तिची सर्वांत महाग पडलेली चूक म्हटली पाहिजे. इ.स.पू. 88 मध्ये सुल्ला आपले सैन्य घेऊन खुद्द रोमवर चालून गेला तेव्हा त्या चुकीचे फळ प्रथम दिसले.

तथापि, शस्त्राच्या बळावर जे झाले त्यापेक्षा कायद्याने मतदान घेऊन जे झाले ते अधिक बोधक आहे आणि त्यासाठी इ.स.पू. 67 चा गॅबिनियसचा कायदा बारकाईने पाहण्याजोगा आहे. भूमध्य समुद्रातील चाच्यांमुळे रोमचा धान्यपुरवठा अडला होता आणि शहरात महागाई भडकली होती. ट्रिब्यून गॅबिनियस याने एका सेनापतीला तीन वर्षांसाठी संपूर्ण भूमध्य समुद्रावर आणि त्याच्या किनाऱ्यापासून पन्नास रोमन मैलांपर्यंतच्या भूमीवर अधिकार द्यावा, असा प्रस्ताव मांडला. तो सेनापती पाँपी असणार हे उघड होते, आणि त्या वेळी पाँपी कोणत्याही पदावर नव्हता. सिनेटमधील बहुसंख्य विरोधात होते. त्यांच्या बाजूच्या ट्रेबेलियस या ट्रिब्यूनने नकाराधिकार वापरताच गॅबिनियसने त्यालाच पदावरून काढण्यासाठी मतदान सुरू केले. लोकसभेत पस्तीस गट असत आणि प्रत्येक गटाचे एक मत धरले जाई. सतरा गटांचा कौल ट्रेबेलियसच्या विरोधात गेला आणि अठराव्या गटाने बहुमत पुरे होणार असे दिसताच त्याने माघार घेतली. सहकाऱ्याने सहकाऱ्याला रोखण्याचे दुसरे कुलूप अशा रीतीने लोकांच्याच मताने उघडले गेले. पाँपीची नेमणूक झाली त्याच दिवशी धान्याचे भाव उतरले आणि सुमारे तीन महिन्यांत समुद्र मोकळा झाला. हा कायदा यशस्वी झाला, हीच त्यातली सर्वांत गंभीर बाब होती. कारण त्यानंतर मोठ्या संकटावर मोठ्या अधिकाराचा एकच माणूस हा उपाय लोकांना स्वाभाविक वाटू लागला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने पाँपीला पूर्वेकडील युद्धाची सूत्रे मिळाली. इ.स.पू. 55 मध्ये त्याला स्पेन पाच वर्षांसाठी मिळाले, तेव्हा तो तिकडे गेलाही नाही. स्वतः रोमजवळ राहून त्याने प्रतिनिधींमार्फत प्रांत चालवला.

याउलट जूलियस सीझरने, इ.स.पू. 49 मध्ये रुबिकॉन नदी ओलांडून यादवी जिंकल्यावर, अधिकार पदापासून सोडवण्याऐवजी एक जुने पदच ताणले. डिक्टेटरची सहा महिन्यांची मुदत प्रथम दहा वर्षांची आणि इ.स.पू. 44 च्या आरंभी आजन्म झाली. ज्या पदाचे सारे समर्थन त्याच्या अल्पमुदतीत होते ते आजन्म होताच सीझर आणि राजा यांत फरक उरला नाही आणि त्याच वर्षी 15 मार्चला त्याची हत्या झाली. त्यानंतर अँटनीने डिक्टेटर हे पदच कायद्याने बंद केले.

सीझरचा दत्तकपुत्र ऑक्टेव्हियन याने हा धडा पुरता गिरवला. इ.स.पू. 31 मध्ये अ‍ॅक्टियमच्या लढाईत अँटनीचा पराभव करून तो निर्विवाद सत्ताधीश झाला, आणि इ.स.पू. 27 च्या जानेवारीत त्याने आपले विशेषाधिकार सिनेट व जनता यांच्याकडे परत सोपवत असल्याचे जाहीर केले. सिनेटने त्याला ऑगस्टस ही उपाधी दिली आणि स्पेन, गॉल व सीरिया यांसारखे प्रांत दहा वर्षांसाठी त्याच्या हवाली केले. बहुतेक सैन्य याच प्रांतांत होते. दीर्घ मुदत, विस्तीर्ण क्षेत्र आणि प्रतिनिधींमार्फत कारभार ही तिन्ही अंगे पाँपीच्या काळापासून रोमनांच्या ओळखीची होती, त्यामुळे या व्यवस्थेत त्यांना नवखे असे फारसे काही दिसले नाही.

एक अडचण मात्र राहिली. ऑगस्टस दरवर्षी कॉन्सल म्हणून निवडून येत होता, त्यामुळे दोन जागांपैकी एक कायमची अडली होती आणि उच्चकुलीन घराण्यांत असंतोष साचत होता. इ.स.पू. 23 मध्ये गंभीर आजारातून उठल्यावर त्याने कॉन्सलपद सोडले. पण पद सोडताच दोन तोटे होणार होते : शहरात सिनेट बोलावण्याचा व कायदा मांडण्याचा हक्क जाणार होता आणि प्रोकॉन्सलचा अधिकार रोमची पवित्र सीमा ओलांडून आत येताच संपुष्टात येत असल्यामुळे तो रोममध्ये केवळ नागरिक ठरणार होता. दुसऱ्या तोट्यावर सरळ उपाय झाला; त्याचा अधिकार शहरात शिरल्यावरही लोपणार नाही आणि तो इतर प्रांतांच्या प्रोकॉन्सलांपेक्षा वरचढ राहील, असे ठरवण्यात आले. पहिल्या तोट्यावरचा उपाय सूक्ष्म होता. ऑगस्टस पॅट्रिशियन असल्यामुळे कायद्याने ट्रिब्यून होऊच शकत नव्हता. म्हणून ते पद न देता ट्रिब्यूनचा अधिकार त्याला आजन्म देण्यात आला. दहा ट्रिब्यून पूर्वीप्रमाणे दरवर्षी निवडून येत राहिले. त्यांच्याजवळ पद होते आणि मुदत होती. ऑगस्टसजवळ नकाराधिकार, सिनेट बोलावण्याचा व कायदा मांडण्याचा हक्क आणि धर्माने रक्षिलेले शरीर होते, मात्र त्याला मुदत नव्हती. फिलोच्या वेढ्यापाशी सुरू झालेली रीत इथे पूर्णत्वास गेली, म्हणून गणराज्याच्या अंताचे एकच वर्ष द्यायचे असेल तर 27 पेक्षा 23 अधिक समर्थनीय आहे. याची खूण नाण्यांवर व शिलालेखांवर आढळते : यापुढील सम्राट आपल्या राजवटीची वर्षे ट्रिब्यूनच्या अधिकाराच्या वर्षांनी मोजतात, आणि इ.स. 14 मध्ये ऑगस्टस वारला तेव्हा त्याचे या गणनेतील सदतिसावे वर्ष चालू होते.

हे सारे सामान्य जनतेच्या डोळ्यांत धूळ फेकून झाले असे मानणे चुकीचे ठरेल. इ.स.पू. 22 मध्ये पूर आणि धान्यटंचाईने त्रासलेल्या रोमकरांनी ऑगस्टसला डिक्टेटर होण्याचा आग्रह केला. त्याने ते पद नाकारून केवळ धान्यपुरवठ्याची जबाबदारी घेतली. त्याच सुमाराच्या निवडणुकांत मतदारांनी कॉन्सलची एक जागा त्याच्यासाठी रिकामी ठेवण्याचा प्रयत्न केला. शंभर वर्षांच्या यादवीनंतर शांतता आणि भाकरी यांची किंमत लोकांना ठाऊक होती, आणि ती त्यांनी मतांनी चुकती केली.

या व्यवस्थेतील खरा दोष वारशाचा होता, कारण जे पदच नव्हते त्याला वारस कसा नेमायचा याचा नियम असू शकत नव्हता. ऑगस्टसने आपल्या हयातीतच टिबेरियसला ट्रिब्यूनच्या अधिकारात भागीदार करून वाट काढली. टिबेरियसच्या राज्यारंभी अधिकाऱ्यांची निवड लोकसभेकडून सिनेटकडे गेली. नीरोनंतर वारस उरला नाही तेव्हा इ.स. 69 या एकाच वर्षात चार सम्राट झाले. त्यांतील शेवटचा व्हेस्पेसियन याला अधिकार देणाऱ्या कायद्याचा एक कांस्यपट आज रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे. त्यात ऑगस्टस, टिबेरियस आणि क्लॉडियस यांचे दाखले देत एकेक अधिकार नोंदवला असून, राज्याच्या हिताचे वाटेल ते करण्याची मुभाही कलम घालून दिलेली आहे. विद्यार्थ्याने उत्तरात एकच पुरावा द्यायचा ठरवला, तर तो हाच द्यावा. कॉन्सलांची नेमणूक मात्र त्यानंतरही होत राहिली; शेवटचा सामान्य नागरिक कॉन्सल झाला तो इ.स. 541 मध्ये, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, सम्राट जस्टिनियनच्या राज्यात.