व्हॉट्सअ‍ॅप खात्यावर तात्पुरते निर्बंध का येतात आणि ते कसे उठतात?

रत्नागिरीत हापूसचा हंगाम सुरू झाला की अनेक बागायतदार थेट ग्राहकांना पेट्या विकतात आणि त्यासाठी मुख्य साधन असतं व्हॉट्सअ‍ॅप. समजा, एका बागायतदाराकडे ६०० नंबर आहेत. त्यातले १५० जुने ग्राहक आणि बाकीचे मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या याद्यांमधून मिळालेले. तो पेटीच्या फोटोसह दरपत्रक तयार करतो आणि पाच-पाच जणांना फॉरवर्ड करत बसतो. संध्याकाळी स्क्रीनवर सूचना येते की खात्यावर निर्बंध आहेत. खाली उलटी मोजणी सुरू असते.

पाचची मर्यादा पाळूनही कारवाई का?

एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा भारतात जुलै २०१८ मध्ये आली. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने पाच जणांची हत्या केली होती. देशात अशा आणखीही घटना घडल्या होत्या. अफवा पसरण्याचा वेग कमी करणं हा या मर्यादेचा हेतू होता. स्पॅम ओळखण्याची यंत्रणा वेगळी आहे. त्यामुळे पाचचा नियम पाळून शंभर वेळा फॉरवर्ड केलं, तरी ते घाऊक संदेशच ठरू शकतात.

संदेश एन्क्रिप्टेड असल्याने कंपनी दरपत्रक वाचत नाही. ती खात्याचं वर्तन पाहते: संदेश किती वेगाने गेले, नंबर सेव्ह नसलेल्या किती जणांना गेले आणि किती जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं. रिपोर्ट केल्यावर मात्र त्या खात्याकडून आलेले शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात. वरच्या उदाहरणात धोका १५० जुन्या ग्राहकांकडून फारसा नव्हता. तो उरलेल्या ४५० अनोळखी लोकांकडून होता.

निर्बंध आणि बंदी यांतला फरक

निर्बंध असताना नवीन चॅट सुरू करता येत नाही. पण आलेले संदेश आणि कॉल मिळतात, आधीच्या चॅटमध्ये आणि ग्रुपमध्ये उत्तरही देता येतं. म्हणजे ज्यांनी पेट्या मागवल्या आहेत, त्यांच्याशी बोलणं चालू राहतं. स्क्रीनवरची वेळ संपली की निर्बंध आपोआप उठतो.

तात्पुरत्या बंदीत अ‍ॅपच वापरता येत नाही. जीबी व्हॉट्सअ‍ॅपसारखं अनधिकृत अ‍ॅप हे तिचं नेहमीचं कारण. अशा वेळी चॅटचा बॅकअप घेऊन अधिकृत अ‍ॅप टाकावं लागतं, नाहीतर बंदी कायमची होऊ शकते.

उलटी मोजणी न दिसता खातं व्हॉट्सअ‍ॅप वापरू शकत नाही एवढंच दिसलं, तर ती बहुधा कायमची बंदी असते.

खातं परत कसं मिळवायचं?

निर्बंधाच्या काळात थांबणं हाच उपाय आहे. अ‍ॅप काढून पुन्हा टाकणं किंवा फोन बदलणं उपयोगाचं नाही, कारण कारवाई नंबरवर असते. वेळ संपताच उरलेल्या यादीला संदेश पाठवले, तर पुढची कारवाई अधिक कडक होऊ शकते.

कायमच्या बंदीत स्क्रीनवरच्या Request a review या पर्यायातून फेरतपासणी मागता येते. त्यासाठी एसएमएसने आलेला सहा अंकी कोड टाकावा लागतो. कारण थोडक्यात आणि खरं लिहावं: आपण काय विकतो, संदेश कोणाला गेले आणि यापुढे काय टाळणार. पैसे घेऊन खातं सुरू करून देतो असं सांगणाऱ्याला हा कोड कधीही देऊ नये. कोड मिळाला की नंबर त्याच्या ताब्यात जाऊ शकतो.

फेरतपासणीतही नकार आला, तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. त्यांच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in या संकेतस्थळावर अपील करता येतं.

पुढच्या हंगामात

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांपर्यंत नावं घालता येतात. पण ज्यांच्या फोनमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह आहे, त्यांनाच तो संदेश मिळतो. म्हणून जुन्या ग्राहकांना नंबर सेव्ह करायला सांगावं. नव्यांसाठी पेटीवर आणि पावतीवर wa.me ची लिंक किंवा क्यूआर कोड छापावा. पहिला संदेश ग्राहकाकडून आला, तर उत्तर देणाऱ्याचं वर्तन स्पॅमसारखं दिसत नाही. न विचारता कुठून तरी मिळालेल्या यादीचा वापर मात्र कोणत्याही मार्गाने सुरक्षित होत नाही.