पार्स् क, प्युईस्क, दोंक, आलोर : फ्रेंचमध्ये 'कारण', 'म्हणून' आणि 'मग' कुठे वापरायचं?

नवरात्रात तुळजापूरला आलेल्या एका फ्रेंच पाहुण्याने विचारलं, "एवढी गर्दी का आहे?" तुम्ही फ्रेंचच्या क्लासला जात असाल तर उत्तर सोपं आहे. 'पार्स् क से नवरात्र'. म्हणजे 'कारण नवरात्र आहे'.

आता हेच वाक्य धाराशिवमधल्या फ्रेंच शिकणाऱ्या मित्राला सांगायचं असेल, तर 'पार्स् क' थोडं विचित्र वाटेल. नवरात्र आहे हे त्याला माहीतच आहे. तिथे फ्रेंच माणूस शब्द बदलतो आणि 'प्युईस्क से नवरात्र' म्हणतो. शब्दकोशात दोन्ही शब्दांसमोर 'कारण' असंच लिहिलेलं सापडतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

फरक असा आहे. 'पार्स् क' ऐकणाऱ्याला नवीन कारण सांगतं. 'प्युईस्क' समोरच्याला माहीत असलेलं, किंवा त्याने मान्य केलंच पाहिजे असं बोलणाऱ्याला वाटतं ते कारण पुढे करतं. त्यामुळे 'पुर्क्वा', म्हणजे 'का', असा थेट प्रश्न आला की उत्तराची सुरुवात 'प्युईस्क'ने होत नाही. समोरचा कारण विचारतोय, म्हणजे त्याला ते माहीत नाही. मग 'तुला माहीतच आहे' असा सूर कसा चालेल? 1975 मध्ये फ्रेंच भाषाशास्त्रज्ञांच्या एका गटाने या दोन शब्दांवर आणि 'कार' या तिसऱ्या शब्दावर मिळून एक लेख लिहिला होता. या विषयावर आजही त्याचा आधार घेतला जातो. ('कार' म्हणजेही 'कारण'च, पण तो मुख्यतः लिहिण्यातला शब्द आहे. गप्पांमध्ये फारसा येत नाही.)

ओळखायची एक सोपी खूण आहे. मराठीत 'गर्दी आहे ती नवरात्र आहे म्हणूनच' असा कारणावर जोर देता येतो. फ्रेंचमध्ये असा जोर 'पार्स् क'वर देता येतो, 'से पार्स् क...' अशी सुरुवात करून. 'से प्युईस्क' असं कुणी म्हणत नाही. जे आधीच ठरलेलं आहे, त्यावर जोर द्यायचा कशाला?

'प्युईस्क'ला मराठीत काय म्हणायचं? बरीच पुस्तकं 'ज्याअर्थी' सुचवतात. अर्थाच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण थाट पूर्ण वेगळा आहे. 'ज्याअर्थी... त्याअर्थी' आपल्याला भेटतं ते सरकारी अधिसूचनेत किंवा वकिलाच्या नोटिशीत. घरी जेवताना कुणी 'ज्याअर्थी भाकरी संपली आहे' म्हणत नाही. फ्रेंच 'प्युईस्क' मात्र जेवणाच्या टेबलावरही चालतं आणि न्यायालयाच्या निकालातही. रोजच्या मराठीत त्याच्या सगळ्यात जवळचं म्हणजे आपलं 'आता आलाच आहेस तर'. 'आता आलाच आहेस तर चहा घेऊन जा' यातला 'च' आणि 'तर' मिळून जे काम करतात, ते फ्रेंचमध्ये एकटं 'प्युईस्क' करतं.

या 'च'मुळेच एक धोका आहे. अधिकाऱ्याला किंवा कॉलेजला ईमेल लिहिताना 'प्युईस्क तुम्ही उत्तर दिलं नाही' अशी सुरुवात केली, तर व्याकरण बरोबर असूनही सूर टोचतो. 'तुम्ही उत्तर दिलेलं नाहीच, तेव्हा आता...' असं काहीसं ऐकू येतं. अशा ठिकाणी मुळात बोट न दाखवता 'मला अजून उत्तर मिळालेलं नाही' असं वेगळं वाक्य लिहिणं बरं.

आता परिणामाकडे : दोंक आणि आलोर

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे. 'आलोर' म्हणजे जवळजवळ आपलं 'मग'. दोघांचाही मूळ अर्थ वेळेचा आहे, 'तेव्हा', 'त्यानंतर' असा. त्यातूनच परिणामाचा अर्थ येतो. नुसतं 'आलोर?' म्हणजे 'मग?', आणि 'ए आलोर?' म्हणजे 'मग काय झालं?' किंवा जरा उर्मटपणे 'बरं, मग?'. गोष्ट सांगताना वाक्याला वाक्य जोडायलाही हाच शब्द येतो.

समजा, कोजागरीच्या गर्दीत बस आली नाही आणि तुम्ही चालत गेलात. मित्राला सांगताना म्हणाल : 'ल ब्यूस् ने पा व्न्यू, आलोर ऑन् आ मार्शे'. बस आली नाही, मग चाललो. हीच गोष्ट परीक्षेतल्या औपचारिक पत्रात लिहायची असेल तर : 'ल ब्यूस् ने पा व्न्यू, नूझाव्हों दोंक मार्शे'.

दोन वाक्यांत तीन गोष्टी बदलल्या. 'आलोर'च्या जागी 'दोंक' आलं. बोलण्यातला 'आम्ही' म्हणजे 'ओं' (स्वरापुढे 'ऑन्') जाऊन लिखाणातला 'नू' आला. आणि 'दोंक' वाक्याच्या सुरुवातीला न बसता क्रियापदाच्या दोन तुकड्यांमध्ये जाऊन बसलं. ही शेवटची गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. सुरुवातीला ठेवलेलं 'दोंक' चूक नाही, बोलताना तर ते तिथेच येतं. पण लेखनात ते आत सरकवलं की वाक्य सफाईदार दिसतं. 'आलोर' औपचारिक लिखाणात बंद आहे असंही नाही, वेळेच्या अर्थाने ते तिथेही चालतं. पण मुद्दा मांडताना, 'यावरून असं ठरतं' म्हणताना, ते ढिलं वाटतं.

आता या चौघांतली सगळ्यात अवघड जागा. 'दोंक' म्हणजे 'म्हणून' असं पाठ केलेलं असतं. मग हे वाक्य बघा : 'इल् या द्यू मोंद् स्यूर ला रूत्, दोंक से नवरात्र'. शब्दशः केलं तर 'रस्त्यावर गर्दी आहे, म्हणून नवरात्र आहे'. याचा अर्थ गर्दी झाली म्हणून देवीने नवरात्र बसवलं! मराठीत आपण इथे 'म्हणून' वापरतच नाही. 'रस्त्यावर गर्दी आहे, म्हणजे नवरात्र आहे' असं म्हणतो. गर्दी हे नवरात्राचं कारण नाही, ती फक्त खूण आहे, आणि खुणेवरून आपण अंदाज बांधला.

मराठी या दोन कामांना दोन शब्द देते : परिणामाला 'म्हणून', अंदाजाला 'म्हणजे'. फ्रेंचमध्ये दोन्हींना 'दोंक' पुरतं. 'आलोर' मात्र पहिलंच काम नीट करतं. खुणेवरून स्वतः निष्कर्ष काढताना ते अडखळतं. समोरचा काही बोलला आणि त्यावर 'मग तू येणार तर?' असं विचारायचं असेल, तिथे ते पुन्हा बरोबर बसतं.

हेच वाक्य उलटं केलं की पहिल्या जोडीकडे परत येतो. 'नवरात्र सुरू झालं असणार, कारण रस्त्यावर गर्दी आहे.' मराठीत 'कारण' इथे खपून जातं. फ्रेंचमध्ये 'प्युईस्क' जास्त सरळ बसतं, कारण गर्दी दोघांना दिसतेच आहे. बोलताना 'पार्स् क'सुद्धा ऐकू येतं, पण त्याआधी स्पष्ट थांबा घेतलेला असतो. तो थांबा नसेल तर गर्दीमुळे नवरात्र आलं, असाच अर्थ निघेल.

उच्चाराचं थोडक्यात. पुढे स्वर आला की 'पार्स् क' आणि 'प्युईस्क' दोघांचाही शेवट गळतो : 'पार्स् किल्', 'प्युईस्किल्'. 'दोंक'चा शेवटचा 'क' सहसा ऐकू येतो, पण 'दी दों!' या उद्गारात तो गळतो. याचा अर्थ साधारण 'अरे बापरे' किंवा 'काय रे', तिथे परिणामाचा काही संबंध नाही. आणि मूल दहाव्यांदा 'पुर्क्वा?' विचारतं तेव्हा फ्रेंच आईबाप नुसतं 'पार्स् क!' म्हणून विषय संपवतात. आपल्याकडे त्या जागी 'नाही म्हटलं ना!' असतं.